कार्बन मोनॉक्साईड ‘डिफ्यूजन-लिमिटेड’ का? पडद्यातून हळू जातो म्हणून, की आणखी काही?

रानजाई

फुप्फुसातल्या वायूंच्या देवाणघेवाणीचा तो नेहमीचा आलेख घेऊन बसले आहे. आडव्या अक्षावर वेळ, म्हणजे तांबड्या पेशीने केशवाहिनीत काढलेले ०.७५ सेकंद. उभ्या अक्षावर रक्तातला वायूचा आंशिक दाब. नायट्रस ऑक्साईडची रेषा सुरुवातीलाच उडी मारून वायुकोशातल्या दाबाला जाऊन टेकते. ऑक्सिजनची साधारण पाव सेकंदात टेकते. कार्बन मोनॉक्साईडची मात्र शेवटपर्यंत तळाशी रांगत राहते.

पहिले दोन ‘परफ्यूजन-लिमिटेड’ आणि तिसरा ‘डिफ्यूजन-लिमिटेड’, इथपर्यंत पाठ आहे. आमच्या गटात याचं स्पष्टीकरण असं दिलं जातं की कार्बन मोनॉक्साईडला वायुकोश आणि केशवाहिनी यांच्यामधला पडदा ओलांडायला जड जातं. मला ते पटत नाही. वायू पडद्यातून किती सहज जाईल हे त्याची विद्राव्यता भागिले रेणूभाराचं वर्गमूळ यावर ठरतं. तो हिशेब केला तर ऑक्सिजन कार्बन मोनॉक्साईडच्या सव्वापटच भरतो. सव्वापट फरकासाठी एक रेषा छताला आणि दुसरी जमिनीला, असं कसं होईल?

दुसरी शंका याला जोडूनच. आपल्याला काळजी असते ऑक्सिजनची, मग पडद्याची तपासणी कार्बन मोनॉक्साईड वापरून का करतात?

कडेकपारी

यात गूढ काही नाही. कार्बन मोनॉक्साईड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशे-अडीचशे पट घट्ट चिकटतो. तो चिकटला की जागा अडते. जागा अडली की मागून येणाऱ्या रेणूंना आत शिरायला वाव राहत नाही आणि सगळंच मंदावतं. म्हणून रेषा वर चढत नाही.

लोलक

कडेकपारी, पहिलं वाक्य अगदी बरोबर, आणि उत्तराची किल्लीही तीच आहे. पुढचा निष्कर्ष मात्र उलटा निघाला आहे. जागा अडली असती तर रक्तातला मोकळा वायू वाढला असता आणि रेषा वर गेली असती. रेषा तळाशी आहे, कारण हिमोग्लोबिनमध्ये जागाच जागा आहे.

रानजाई, तुमचा सव्वापटीचा हिशेब योग्य आहे. आता रहाट डोळ्यांसमोर आणा. एका मोठ्या हौदातून बारीक नळी निघते आणि रहाटाचं प्रत्येक गाडगं त्या नळीला ०.७५ सेकंद जोडलेलं राहून पुढे सरकतं. हौद म्हणजे वायुकोश, नळी म्हणजे पडदा, गाडगं म्हणजे केशवाहिनीतलं रक्त. नळीतून किती पाणी वाहील हे हौदातल्या आणि गाडग्यातल्या पातळीच्या फरकावर ठरतं. वायूंच्या बाबतीत ही पातळी म्हणजे आंशिक दाब.

गाडगं वाटीएवढं असेल तर क्षणात भरतं. दोन्ही पातळ्या सारख्या झाल्या की प्रवाह थांबतो आणि उरलेला वेळ वाया जातो. जास्त पाणी हवं असेल तर रहाट जोरात फिरवायचा, एवढाच उपाय. नळी थोडी रुंद केली तरी काही मिळत नाही. नायट्रस ऑक्साईड हा असा आहे. हिमोग्लोबिनशी त्याचं काही देणंघेणं नाही, तो रक्तात फक्त विरघळतो, त्यामुळे त्याच्यासाठी रक्ताचं भांडं लहान. परफ्यूजन-लिमिटेड म्हणजे हेच.

गाडगं विहिरीएवढं असेल तर ०.७५ सेकंदात त्याची पातळी हललेलीसुद्धा दिसत नाही. प्रवाह पहिल्या क्षणापासून शेवटपर्यंत तेवढाच राहतो. रहाट दुप्पट वेगाने फिरवला तरी फरक पडणार नाही. नळी अरुंद झाली तर मात्र लगेच कमी पाणी येईल. डिफ्यूजन-लिमिटेड ते हे.

म्हणजे ‘लिमिटेड’ हा शब्द एकट्या वायूचा गुण सांगत नाही आणि एकट्या पडद्याचाही नाही. नळीची रुंदी आणि गाडग्याचा आकार यांचं गुणोत्तर काय, यावर ते ठरतं.

रानजाई

रहाट पटला. पण पातळी ‘हललेलीसुद्धा दिसत नाही’ म्हणजे आकड्यात किती? आणि ऑक्सिजनलाही हिमोग्लोबिन आहेच की. त्याचंही गाडगं मोठंच असायला हवं ना?

लोलक

दोन्ही आकड्यांत बघू.

तपासणीत श्वासातून दिलेला कार्बन मोनॉक्साईड फुप्फुसातल्या आधीच्या हवेत मिसळला की साधारण ०.२४ टक्के उरतो. वायुकोशातला एकूण दाब ७६० मिमी, त्यातून पाण्याच्या वाफेचे ४७ वजा करून ७१३. त्याचे ०.२४ टक्के म्हणजे १.७ मिमी. निरोगी माणसाचं फुप्फुस दर मिमी दाबाला मिनिटाला साधारण २५ मिली कार्बन मोनॉक्साईड आत घेतं. म्हणून मिनिटाला सुमारे ४३ मिली, आणि ०.७५ सेकंदात अर्ध्या मिलीला किंचित जास्त.

त्या क्षणी केशवाहिन्यांत सुमारे ७५ मिली रक्त असतं. दर १०० मिलीला १५ ग्रॅम हिमोग्लोबिन धरलं तर ते रक्त १५ मिलीच्या आसपास वायू बांधू शकतं. त्यात अर्धा मिली गेला, म्हणजे साडेतीन टक्के जागा भरली. हा वायू इतका घट्ट बांधला जातो की साडेतीन टक्क्यांना तोलणारा मोकळा दाब जेमतेम ०.०१६ मिमी येतो. वायुकोशात १.७ मिमी, रक्तात ०.०१६. शंभराला एक. रेषा तळाशी रांगते ती अशी. पडदा ओलांडून वायू भरपूर आत गेलाय, फक्त तो दाबाच्या रूपात दिसत नाही.

आता ऑक्सिजन. फरक असा की रक्त येतं तेच पाऊण भरलेलं. शिरेतून येणाऱ्या रक्तात दाब ४० मिमी आणि हिमोग्लोबिन ७५ टक्के भरलेलं असतं. उरलेला पाव भाग भरायला दर १०० मिली रक्ताला ५ मिली ऑक्सिजन लागतो, म्हणून ७५ मिलीला पावणेचार मिली. उलट ढकलणारा दाब किती? वायुकोशात १००, रक्तात ४०, फरक ६० मिमी. कार्बन मोनॉक्साईडच्या पावणेदोन मिमीच्या शेजारी हा फरक ठेवा. सव्वापट रुंद नळी आणि ६० मिमीचा फरक म्हणजे सुरुवातीला सेकंदाला ३१ मिली वेग. त्याच वेगाने जात राहिला असता तर पावणेचार मिली ०.१२ सेकंदात भरले असते. भरता भरता फरक कमी होतो, म्हणून पाव सेकंद लागतो. गाडगं मोठं खरं, पण आधीच बरंचसं भरलेलं आणि वर धार जोराची.

उरलेला अर्धा सेकंद ही राखीव सोय आहे. निरोगी माणसाला पडदा थोडा जाड झाल्याचं ऑक्सिजनवरून कळत नाही ते यामुळेच. पाव सेकंदाऐवजी अर्धा सेकंद लागला तरी रक्त बाहेर पडताना पूर्ण भरलेलं असतं. कार्बन मोनॉक्साईडला राखीव वेळच नाही. पडदा पाव हिश्श्याने बिघडला की आकडा लगेच खाली येतो. तुमच्या दुसऱ्या शंकेचं उत्तर हे. डेन्मार्कच्या मारी क्रोग यांनी १९१५ साली एका श्वासात कार्बन मोनॉक्साईड घेऊन ही मोजणी केली होती. तेव्हा वाद होता की फुप्फुस ऑक्सिजन स्वतः स्रवतं की काय. नुसत्या विसरणानेही गरजेपुरता ऑक्सिजन आत जाऊ शकतो, हे त्या मोजणीने दाखवलं.

मधलीआळी

हे सगळं वाचून धसका बसला. बाथरूममध्ये गॅस गीझर लावून माणसं बेशुद्ध होतात ती याच वायूने ना? आणि तोच वायू तपासणीत देतात? रुग्णाला कल्पना देतात का? बंद बाथरूमची खिडकी किती मोठी असावी हेही कोणी सांगा.

फुंकर

वायू तोच, मात्रा वेगळी. तपासणीच्या सिलिंडरमध्ये तो ०.३ टक्के असतो, आणि रुग्ण एकच श्वास घेऊन दहा सेकंद धरतो. एका वेळेला रक्तातलं कार्बन मोनॉक्साईड बांधलेलं हिमोग्लोबिन अर्धा ते पाऊण टक्क्याने वाढतं. एका बैठकीत पाचपेक्षा जास्त वेळा करत नाहीत, म्हणजे फार तर तीनेक टक्के. रोज सिगारेट ओढणाऱ्याच्या रक्तात एरवीही याहून जास्त सापडू शकतं.

बंद खोलीत धोका येतो तो वेळेमुळे. हवेत ०.१ टक्का असला आणि माणूस त्यातच श्वास घेत राहिला, तर वायुकोशातल्या ऑक्सिजनच्या तुलनेत २३० पटींचा हिशेब लावून हिमोग्लोबिनचा अर्ध्याहून जास्त हिस्सा हळूहळू काबीज होतो. लोलक म्हणाले तेच पुन्हा: विहीर मोठी आहे, पण नळी तासन् तास उघडी राहिली तर तीही भरते. आणि बोटाला लावायचा साधा ऑक्सिमीटर अशा माणसातही ९८ दाखवतो, कारण कार्बन मोनॉक्साईड बांधलेलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनने भरल्यासारखंच दिसतं. त्या आकड्यावर विसंबू नका. गीझर बाथरूमच्या बाहेर असणं हेच खरं, पण त्यासाठी वेगळा धागा काढलात तर बरं होईल.

कडेकपारी

माझा निष्कर्ष उलटा होता हे मान्य. पण मग ऑक्सिजन कायम परफ्यूजन-लिमिटेडच राहतो का? लडाखमध्ये चढण सुरू झाली की ऑक्सिमीटरचा आकडा घसरतो आणि थांबल्यावर काही मिनिटांत सावरतो. तिथे हवाच विरळ हे खरं, पण मग बसल्यावर का सावरतो? हवा तर तीच असते.

लोलक

धाग्यातला हा उत्तम प्रश्न. नाही, कायम राहत नाही. उंचीवर ऑक्सिजन डिफ्यूजन-लिमिटेड होऊ लागतो.

समुद्रसपाटीला ढकलणारा फरक ६० मिमी होता. लेहच्या उंचीवर, म्हणजे साधारण ३५०० मीटरवर, वायुकोशातला दाब ५५ ते ६० वर येतो. शिरेतल्या रक्ताचाही उतरतो, पण तितका नाही. फरक निम्म्याच्या आसपास किंवा त्याखाली जातो. धार बारीक झाली. त्यात आणखी एक गोष्ट घडते. कोणत्या दाबाला हिमोग्लोबिन किती भरतं हे दाखवणारा वक्र इथे सपाट नसून तिरका उभा असतो, म्हणून दाब एक मिमी वाढवायला आधीपेक्षा जास्त ऑक्सिजन ओतावा लागतो. गाडगं रुंद झालं असं समजा. बारीक धार आणि रुंद गाडगं, म्हणजे ऑक्सिजन थोडाफार कार्बन मोनॉक्साईडसारखा वागू लागतो.

तरीही बसून असताना ०.७५ सेकंद बहुधा पुरतात. चढू लागलात की हृदय रक्त जोरात ढकलतं आणि पेशीला केशवाहिनीत पाव ते अर्धा सेकंदच मिळतो. शिवाय स्नायूंनी जास्त ओढून घेतल्यामुळे परत येणारं रक्त आणखी रिकामं असतं. गाडगं अर्धवट भरूनच पुढे जातं. बसलात की वेळ परत मिळतो, म्हणून आकडा सावरतो. यातला सगळा वाटा पडद्याचा नाही, पण मोठा वाटा त्याचा आहे.

एव्हरेस्टच्या शिखरावर १९८१ साली हवेचा दाब मोजला तेव्हा २५३ मिमी भरला. त्यातून वाफेचे ४७ वजा करून २१ टक्के घेतले तर श्वासातल्या ऑक्सिजनचा दाब ४३ मिमीच उरतो. तिथे निरोगी फुप्फुसाचा पडदासुद्धा अडसर ठरतो, यात नवल नाही.

रानजाई

आता तपासणीकडे वळू या. एका श्वासात नेमकं काय करतात, आणि शेवटी आकडा कसा निघतो? पुस्तकात समीकरण आहे, पण त्यात आकडे घालून दाखवलेलं नाही.

फुंकर

करायची रीत आधी सांगतो, कारण बिघाड बहुतेक तिथेच होतो.

नाकाला चिमटा, तोंडात माउथपीस. आधी दोन-चार साधे श्वास. मग संपूर्ण उच्छ्वास, अगदी तळापर्यंत. तिथे झडप उघडते आणि रुग्ण सिलिंडरमधला वायू एका दमात, चार सेकंदांच्या आत, छाती पूर्ण भरेपर्यंत ओढतो. त्यात ०.३ टक्के कार्बन मोनॉक्साईड, खुणेसाठी एक निरुपद्रवी वायू (कुठे हेलियम, कुठे मिथेन), २१ टक्के ऑक्सिजन आणि उरलेला नायट्रोजन असतो. श्वास दहा सेकंद धरायचा. नंतर एकाच वेगाने सोडायचा. पहिला पाऊण ते एक लिटर टाकून देतात, कारण तो श्वासनलिकांतला असतो. त्यानंतरचा अर्धा ते एक लिटर नमुना म्हणून घेतात. त्याचंच मोजमाप.

खुणेचा वायू रक्तात जवळपास जात नाही. तो फक्त पातळ होतो. किती पातळ झाला यावरून फुप्फुसात किती आकारमान होतं ते कळतं, आणि कार्बन मोनॉक्साईड सुरुवातीला किती टक्के झाला असेल तेही कळतं. उदाहरण घेऊ. `VA` म्हणजे फुप्फुसातलं आकारमान, `FACO(0)` म्हणजे सुरुवातीचा कार्बन मोनॉक्साईड आणि `DLCO` म्हणजे तपासणीचा शेवटचा आकडा. चार लिटर आत घेतला (नळ्यांची रिकामी जागा वजा केलेली), हेलियम १० टक्के होता तो ८ झाला, कार्बन मोनॉक्साईड ०.३ होता तो नमुन्यात ०.१२ सापडला.

```
VA      = 4.0 × 10/8           = 5.0 L (BTPS)
VA      = 5.0 × 0.826          = 4.13 L (STPD) = 4130 mL
FACO(0) = 0.30 × 8/10          = 0.24 %
ln(0.24/0.12)                  = 0.693
DLCO    = 4130 × 60/(10 × 713) × 0.693
        = 24.1 mL/min/mmHg
```

नीट बघितलं तर हिशेब साधा आहे. ०.३ वरून ०.२४ झाला तो नुसता पातळ होऊन. ०.२४ वरून ०.१२ झाला तो रक्तात गेल्यामुळे. दहा सेकंदांत निम्मा संपला. ०.८२६ हा गुणक शरीराच्या तापमानाचं आकारमान कोरड्या, शून्य अंशाच्या आकारमानात आणतो.

चुका कुठे होतात? सगळ्यात जास्त वेळा श्वास अपुरा घेतला जातो. आत घेतलेलं आकारमान त्या रुग्णाच्या सर्वांत मोठ्या व्हायटल कपॅसिटीच्या, म्हणजे छाती पूर्ण भरून तळापर्यंत सोडता येणाऱ्या हवेच्या, ९० टक्के तरी हवं. दुसरी चूक श्वास धरताना. कोणी बंद घशावर जोर देऊन बाहेर ढकलत बसतो, त्याने छातीतला दाब वाढून केशवाहिन्यांतलं रक्त कमी होतं आणि आकडा खोटा कमी येतो. कोणी आत ओढत राहतो, त्याने रक्त वाढून आकडा खोटा जास्त येतो. नुसतं सैल बसून धरायचं, हे रुग्णाला आधी दाखवावं लागतं. तिसरी चूक म्हणजे घाई. दोन वेळांमध्ये चार मिनिटं थांबावंच लागतं, नाहीतर खुणेचा वायू पूर्ण बाहेर पडत नाही. दोन चांगले प्रयत्न एकमेकांपासून २ युनिटच्या आत यायला हवेत. त्याशिवाय मी रिपोर्ट पुढे पाठवत नाही.

रुग्णाला बाहेरून ऑक्सिजन चालू असेल आणि थांबवणं सुरक्षित असेल तर दहा मिनिटं आधी बंद करतात. ऑक्सिजनचा दाब वाढला की हिमोग्लोबिनवर त्याचीच गर्दी होते आणि कार्बन मोनॉक्साईडचं बांधणं मंदावतं.

कडेकपारी

म्हणजे जागा अडल्यामुळे मंदावणं हा प्रकार आहेच की! फक्त जागा अडवणारा ऑक्सिजन आहे.

लोलक

हो, इथे तुमचं म्हणणं लागू पडतं. वायूला दोन टप्पे पार करावे लागतात. एक पडदा, आणि दुसरा तांबड्या पेशीत शिरून हिमोग्लोबिनला बांधलं जाणं. दुसऱ्यालाही वेळ लागतो. दोन अडथळे एकामागोमाग असले की त्यांची बेरीज होते:

```
1/DL = 1/DM + 1/(θ × Vc)
```

`DL` म्हणजे तपासणीचा आकडा, `DM` पडद्याचा वाटा, `Vc` केशवाहिन्यांतलं रक्त, `θ` म्हणजे त्या रक्ताचा वायू बांधण्याचा वेग. ही मांडणी रफ्टन आणि फॉर्स्टर यांची, १९५७ सालची. ऑक्सिजन वाढला की `θ` घटतो. हिमोग्लोबिन कमी असलं तरी `θ` घटतो.

म्हणून मला या आकड्याचं ‘विसरणक्षमता’ हे नावच थोडं खटकतं. ब्रिटनमध्ये त्याला ट्रान्स्फर फॅक्टर म्हणतात, ते जास्त प्रामाणिक आहे. निरोगी माणसात दोन अडथळे निम्मे निम्मे, असं पुस्तकात बरीच वर्षं छापलं जातं. नायट्रिक ऑक्साईड जोडीला वापरून मोजणारे म्हणतात की रक्ताचा वाटा निम्म्याहून बराच मोठा आहे. हा वाद `θ` कोणता धरायचा यावर अडलेला आहे आणि मिटलेला नाही.

गोदातीर

विषयात शिरत आहे, क्षमस्व. आईचा रिपोर्ट हाती आहे. वय ६१. कोरडा खोकला आणि जिना चढताना दम. स्पायरोमेट्री ठीक आहे म्हणाले. या तपासणीचा आकडा ११.६, अपेक्षित २०, म्हणजे ५८ टक्के. खाली ‘विसरण मध्यम कमी’ असं छापलंय. घरात सगळे फुप्फुसाचा पडदा जाड झाला म्हणून घाबरलेत. पडदा खरोखर निम्मा बिघडलाय का?

फुंकर

गोदातीर, घाबरण्याआधी तीन गोष्टी रिपोर्टवर शोधा. हिमोग्लोबिन किती होतं, आणि आकडा त्यासाठी दुरुस्त केला आहे का. आत घेतलेलं आकारमान किती आणि व्हायटल कपॅसिटी किती. प्रयत्न किती केले.

गोदातीर

हिमोग्लोबिन दुसऱ्या कागदावर आहे, ८.२. या रिपोर्टवर त्याची जागा कोरी आहे. आत घेतलेलं १.९ लिटर. व्हायटल कपॅसिटी २.४. `VA` ३.४ लिटर. प्रयत्न एकच दिसतोय.

फुंकर

आता चित्र बदललं. आधी हिमोग्लोबिन. बायकांसाठी दुरुस्ती अशी:

```
DLCO × (9.38 + Hb) / (1.7 × Hb)
= 11.6 × (9.38 + 8.2) / (1.7 × 8.2)
= 11.6 × 1.26 = 14.6
```

१४.६ म्हणजे अपेक्षितच्या ७३ टक्के. (पुरुषांसाठी ९.३८ च्या जागी १०.२२ घेतात.) ५८ वरून ७३. मधले पंधरा टक्के पडद्याचे नव्हतेच, ते रक्तक्षयाचे होते.

दुसरं, आत घेतलेलं १.९ भागिले २.४ म्हणजे ७९ टक्के. ९० च्या खाली. छाती पूर्ण भरलीच नव्हती. आणि एकाच प्रयत्नावर रिपोर्ट देणं मला मान्य नाही. ही तपासणी पुन्हा व्हायला हवी, हिमोग्लोबिन त्याच दिवशी बघून.

रानजाई

पण आकडा भागिले आकारमान बघितलं तर? ११.६ भागिले ३.४ म्हणजे ३.४, दुरुस्त करून ४.३. अपेक्षित २० भागिले ४.२ लिटर धरले तर ४.८. म्हणजे ९० टक्के. मग श्वास अपुरा होता, पण जेवढं फुप्फुस भरलं तेवढं चांगलं आहे, असं म्हणता येईल ना?

लोलक

असं पुष्कळ जण म्हणतात, आणि इथेच फसतात. निरोगी माणसाने श्वास अर्धवट घेतला तर आकारमान घटतं, पण केशवाहिन्यांतलं रक्त तितकं घटत नाही. वायुकोश लहान, रक्त जवळपास तेवढंच. त्यामुळे दर लिटरमागचा आकडा वाढायला हवा, शंभराच्या वर जायला हवा. इथे तो वाढलेला नाही. म्हणून ९० टक्के हे ‘ठीक’ नाही, तो अपेक्षेपेक्षा कमी असू शकतो. ‘असू शकतो’ म्हणतोय, कारण ७९ टक्के श्वासाला तो नेमका किती वाढायला हवा याबद्दल श्वसनविकारतज्ज्ञांतही एकमत नाही. काही जण हा भागाकार रिपोर्टवर छापूच नये म्हणतात, काही जण तोच आधी बघतात.

आणखी एक. खरंच फुप्फुसात जाळी धरू लागली असेल, तरी बसल्या जागी ऑक्सिजन कमी दिसण्याचं मुख्य कारण हवा आणि रक्त यांची जुळणी बिघडणं हे असतं. पडद्याचा अडसर चालताना उघडा पडतो, लडाखच्या चढणीसारखाच. म्हणून आईंचा विश्रांतीतला ऑक्सिजन ९७ आला तरी तेवढ्यावर थांबू नये. सहा मिनिटं चालवून बघणं जास्त बोलकं ठरेल.

गोदातीर

समजलं. म्हणजे आधी रक्तक्षयावर उपचार आणि मग पुन्हा तपासणी, की दोन्ही आत्ताच?

फुंकर

क्रम डॉक्टरांनी ठरवायचा. खोकला आणि दम दोन्ही असताना छातीचा फोटो किंवा सीटी त्यांना लांबवायचा नसेल, आणि दम नुसत्या ८.२ हिमोग्लोबिननेही लागू शकतो. तपासणी मात्र पुन्हा करालच तेव्हा त्या दिवशीचं हिमोग्लोबिन यंत्रात घालायला सांगा, आणि कागदावर प्रयत्न किती व प्रत्येकाला आत घेतलेलं आकारमान किती ते छापून मागा. तळापर्यंत सोडून मग एका दमात पूर्ण भरणं आईंना घरी दोन-तीनदा करून बघता येईल. चक्कर आली तर थांबायचं.

रानजाई

लोलक सर, एक राहिलं. रक्तप्रवाह वाढला तर कार्बन मोनॉक्साईड जास्त जाणार नाही असं रहाट सांगतो. पण व्यायामात हा आकडा वाढतो असं वाचलं. आडवं झोपल्यावरही वाढतो. मग?

लोलक

रहाटाचा वेग वाढून तो वाढत नाही, नळ्यांची संख्या वाढून वाढतो. बसलेल्या माणसात फुप्फुसाच्या वरच्या भागातल्या बऱ्याच केशवाहिन्या मिटलेल्या असतात. व्यायामात दाब वाढला, किंवा माणूस आडवा झाला, की त्या उघडतात. `Vc` वाढतो, पडद्याचा वापरात आलेला पृष्ठभागही वाढतो. वायुकोशात रक्तस्राव झाला तर आकडा वाढतो, त्याचंही मूळ तेच: केशवाहिनीबाहेर सांडलेलं हिमोग्लोबिनसुद्धा वायू बांधतं, मग ते रक्त वाहत नसलं तरी. आधीच्या तपासणीपेक्षा आकडा अचानक चढला आणि रुग्णाला खोकल्यातून रक्त पडतंय, तर तो चढलेला आकडा सुधारणेचा धरू नका.